वखारवाल्याला शेवटचे पत्र

मुंबईच्या हवेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. त्याच प्रकरणात 9 जानेवारी 2025 रोजी न्यायालयाने आदेश दिला, की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या शहरातील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे. प्रशासनाने आधी यासाठी एक वर्षाची मुदत ठरवली होती. न्यायालयाने ती निम्म्यावर आणली. मग महापालिकेच्या नोटिसा निघाल्या. वांद्र्यातल्या बेकरीवाल्यांच्या बोलण्यात भट्टी कशी बदलायची, गॅसची लाइन कधी मिळणार आणि पावाची चव राहील का, हेच विषय होते.

याच आदेशाने आणखी एक काम बेकरीवाल्यांपुढे ठेवले, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ज्या वखारीतून वर्षानुवर्षे जळाऊ लाकूड येत होते, तिच्याशी असलेला व्यवहार आता संपवायचा होता. पुरवठादार वाईट निघाला, त्याने भाव चढवला किंवा माल बिघडला, तर व्यवहार तोडण्याचे कारण समोर असते. इथे वखारवाल्याचा काहीच दोष नव्हता. त्याने पावसात ओली न झालेली लाकडे निवडून दिली असतील, अडीनडीला उधारी वाढवून दिली असेल. असा माणूस दुखावू नये आणि आपला हिशेबही अर्धवट लोंबकळू नये, या दोन्ही गोष्टी एकाच पत्राने साधायच्या असतात. ते पत्र इंग्रजीत का, त्यात काय असावे, आणि भागीदारासाठी सोबत मराठीत वेगळी चिठ्ठी का लागते, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरणातील बेकरी, वखार आणि आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. कायदे आणि न्यायालयाचा आदेश खरे आहेत.

समजा, वांद्रे पश्चिमेला दोन चुलत भावांची भागीदारीतली बेकरी आहे. धाकटा दुकान, बँक आणि कागदपत्रे सांभाळतो. थोरला भट्टीवर असतो. मिस्त्री, पीठवाले, वखारवाले यांच्याशी त्याचेच बोलणे होते. लाकूड 2003 पासून रे रोडच्या एका वखारीतून येते. दिवसाला सुमारे 120 किलो लाकूड जळते. टेम्पो आला की काट्यावर वजन होते, पावतीवर ड्रायव्हर आणि मिस्त्री दोघे सही करतात, आणि बिल महिन्याच्या महिन्याला चुकते. दरवर्षी दिवाळीनंतर बेकरी वखारीच्या शेठकडे 75,000 रुपये आगाऊ ठेवते, कारण पावसाळ्यासाठी कोरडे लाकूड उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावे लागते. लेखी करार कधीच झालेला नाही. बहुतेक जुने व्यवहार असेच चालतात.

पहिला प्रश्न हाच, की करारच नाही तर थांबवायला अडचण काय? भारतीय करार कायदा 1872 तोंडी करारही मानतो, फक्त तो सिद्ध करता आला पाहिजे. मात्र बावीस वर्षे माल घेतला म्हणून तेविसाव्या वर्षीही घ्यायलाच हवा, असे बंधन तेवढ्यावरून येत नाही. प्रत्येक ऑर्डर हा वेगळा सौदा असतो. म्हणून पुढच्या ऑर्डरी न देणे हा करारभंग नाही. करारभंग होतो तो दिलेली ऑर्डर मोडल्यावर. पावसाळ्याचा साठा काढून ठेवा, असे शेठला सांगून झाले असेल आणि त्याने माल बाजूला ठेवला असेल, तर तो सौदा झालेला आहे. तो मोडला तर करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते.

इथे अनेकांना वाटते, की न्यायालयाचा आदेश हेच पुरेसे कारण आहे. कलम 56 म्हणते, की एखादे काम बेकायदेशीर किंवा अशक्य झाले तर त्याचा करार रद्द ठरतो. पण हे कलम दोन ठिकाणी अडते. मुदत संपण्यापूर्वी येणारे लाकूड घेणे अशक्य झालेले नाही. आणि याच कलमात पुढे म्हटले आहे, की काम बेकायदेशीर आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होते किंवा थोड्या चौकशीने कळले असते, आणि समोरच्याला ते माहीत नव्हते, तर वचन देणाऱ्याने भरपाई द्यावी. जानेवारीचा आदेश वाचून झाल्यावरही एप्रिलमध्ये पावसाळ्याच्या साठ्याची ऑर्डर देणाऱ्या बेकरीला आदेशाआड लपणे कठीण जाईल. म्हणून हाती आदेश आल्यावर सगळ्यात आधी एक काम करायचे: पुढची ऑर्डर थांबवायची, आणि झालेली ऑर्डर कोणती याची खात्री करायची.

लेखी करार असलाच, तर त्यातले नोटिशीचे कलम पाळायचे. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात हे चांगले स्पष्ट केले आहे. करारात तीस दिवसांच्या नोटिशीने व्यवहार संपवण्याची मुभा होती. न्यायालयाने म्हटले, की अशा वेळी चुकीच्या पद्धतीने काढलेल्या वितरकाला त्या नोटिशीच्या काळातल्या कमाईइतकी भरपाई मिळेल, पण वितरणाचा हक्क परत मिळणार नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की भांडणाची किंमत बहुतेक वेळा नोटिशीच्या दिवसांइतकी असते. पुरेसे दिवस आधी कळवले, तर भांडायला फारसे काही उरत नाही.

पुरेसे दिवस म्हणजे किती, याचे उत्तर भट्टीतून आणि वखारीतून काढायचे. आपल्या उदाहरणात 5 मार्च रोजी बेकरीत सुमारे 1,440 किलो लाकूड आहे, म्हणजे बारा दिवसांचे. टेम्पोत 2,200 किलो येते, ते साधारण अठरा दिवस पुरते. नवी भट्टी आणि गॅसची जोडणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात होणार आहे. म्हणून 15 मार्च, 4 एप्रिल आणि 22 एप्रिल असे तीन टेम्पो घेतले, की लाकूड 10 मेपर्यंत पुरते आणि पुढे उरत नाही. शेठला सात आठवडे मिळतात. तेवढ्यात तो पावसाळ्यासाठी ठेवायचा माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकतो. खरी सभ्यता या तीन तारखांत आहे. गोड शब्द लिहून पुढच्या टेम्पोपासून बंद केले, तर शेठला त्याचे काय?

पत्र लिहिण्यापूर्वी हिशेब जुळवावा लागतो. बेकरीच्या वहीत 5 मार्चला शेठचे देणे 41,400 रुपये दिसते. शेठकडून खातेउतारा मागवला, तर त्यात 44,100 दिसतात. फरक 2,700 चा. नऊ रुपये किलोच्या भावाने तो 300 किलो लाकडाचा होतो. अशा वेळी आधी कोणी खोटे बोलते आहे असे गृहीत धरू नये. फरकाची रक्कम भावाने भागली, की बहुतेकदा नेमका माल सापडतो. इथे काट्याच्या पावत्या काढल्यावर दिसले, की जानेवारीतल्या एका टेम्पोतून 300 किलो ओले लाकूड परत गेले होते. पावतीवर ड्रायव्हरची सही आहे, पण वखारीच्या वहीत परत आलेला माल चढलेला नाही. पावतीचा फोटो पाठवला, शेठच्या मुनिमाने दुरुस्ती केली आणि दोन्हीकडे आकडा 41,400 झाला.

हे पत्रापूर्वी करायचे कारण मुदतीच्या कायद्यात आहे. मुदत कायदा 1963 प्रमाणे विकलेल्या मालाची रक्कम वसूल करायला साधारण तीन वर्षे मिळतात. पण त्याच कायद्याचे कलम 18 म्हणते, की मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायची. आभाराच्या पत्रात सहज लिहिलेला चुकीचा आकडाही सही केलेली कबुली ठरू शकतो. याउलट, शेठकडे असलेली आपली आगाऊ रक्कम त्याने लेखी मान्य केली, तर ती आपल्या बाजूची कबुली होते. म्हणून पत्रात दोन्ही आकडे हवेत, आणि दोन्ही जुळलेले हवेत.

आता पत्र इंग्रजीत का? शेठशी बोलणे हिंदीत होते, त्याची वही कदाचित गुजरातीत असेल. पण या पत्राचे वाचक अनेक आहेत. महापालिकेच्या एच पश्चिम विभागाच्या फायलीत, भट्टीसाठी कर्ज देणाऱ्या बँकेकडे, दोन्हीकडच्या सीएकडे आणि वाद झालाच तर वकिलाकडे हेच पत्र जाईल. इंग्रजी हे इथे सर्वांना चालणारे कार्यालयीन माध्यम आहे. मात्र ते पत्र शेठच्या हाती पडण्याआधी थोरल्या भावाने रे रोडला स्वतः जाऊन त्याला सांगायला हवे. बावीस वर्षांच्या ओळखीनंतर ही बातमी पहिल्यांदा लिफाफ्यातून कळली, तर पत्र कितीही नीट असले तरी ते नोटीस वाटते.

पत्र एका पानाचे असावे. विषयाच्या ओळीतच तारीख असू दे: ‘क्लोजर ऑफ फायरवुड सप्लाय, लास्ट डिलिव्हरी 22 एप्रिल 2025’. ही ओळ वाचणाऱ्याला पुढचे सगळे कळते आणि फायलीत शोधायलाही सोपी जाते.

पहिले वाक्य आभाराचे, पण साधे: ‘यू हॅव सप्लाइड फायरवुड टू आवर बेकरी सिन्स 2003, अँड वी आर ग्रेटफुल फॉर युअर सर्व्हिस.’ इथे मालाचे प्रमाणपत्र देऊ नये. तुमचे प्रत्येक वजन बिनचूक होते, कधीही तक्रार नव्हती, असे लिहिले आणि पुढे ओल्या लाकडाचा प्रश्न निघाला, तर आपलेच वाक्य आपल्याला दाखवले जाते. सेवेचे आभार मानणे आणि प्रत्येक टेम्पोची हमी देणे यांत फरक आहे. तसेच जुन्या तक्रारीही इथे काढू नयेत. त्या हिशेबात मिटवायच्या असतात.

दुसरे वाक्य कारणाचे: ‘फॉलोइंग द बॉम्बे हायकोर्ट ऑर्डर डेटेड 9 जानेवारी 2025, वी आर शिफ्टिंग आवर अव्हन टू पाइप्ड गॅस.’ कारण एकच द्यावे आणि ते खरे असावे. गॅस स्वस्त पडतो, जागा कमी लागते, मुलांना धूर नको आहे, अशी कारणे जोडत गेले की समोरच्याला त्यातल्या प्रत्येकावर उत्तर सुचते. भाव कमी करतो, माल कमी पाठवतो, अशी बोलणी सुरू होतात आणि निरोपाची वाटाघाट होऊन बसते.

तिसरा भाग शेवटच्या ऑर्डरचा, आणि तोच पत्राचा कणा: ‘प्लीज डिलिव्हर थ्री लोड्स ऑफ 2,200 किलोग्रॅम्स ईच, ऑन 15 मार्च, 4 एप्रिल अँड 22 एप्रिल, अॅट द प्रेझेंट रेट ऑफ रुपीज 9 पर किलोग्रॅम. धिस इज आवर लास्ट ऑर्डर. नो मॉन्सून स्टॉक विल बी रिक्वायर्ड.’ भाव लिहिणे महत्त्वाचे आहे. गिऱ्हाईक जाणारच आहे म्हटल्यावर शेवटच्या मालाचा भाव बदलू शकतो, किंवा खालच्या प्रतीचे लाकूड येऊ शकते. पावसाळ्याचा साठा नको, हे वेगळ्या वाक्यात लिहायचे, कारण शेठने दरवर्षीच्या सवयीने माल ठेवला तर नुकसान त्याचे होईल आणि वाद आपल्या दारी येईल.

या भागात ‘सध्या’, ‘तूर्त’, ‘गरज पडली तर’ या अर्थाचे काहीही लिहू नये. मन राखण्यासाठी आपण असे शब्द वापरतो. पण वखारवाला ते वाचून माल राखून ठेवतो, आणि ऑगस्टमध्ये फोन करून विचारतो, की आता कधी पाठवू? दार अर्धे उघडे ठेवल्याने त्याचेच भांडवल अडकते.

चौथा भाग हिशेबाचा: ‘अॅज पर आवर बुक्स ऑन 5 मार्च 2025, रुपीज 41,400 इज पेएबल टू यू, अँड रुपीज 75,000 पेड बाय अस इज विथ यू अॅज अॅडव्हान्स. काइंडली कन्फर्म बाय 20 मार्च.’ शेवटचे तीन टेम्पो 6,600 किलोचे, म्हणजे 59,400 रुपयांचे. ते मिळवून एकूण देणे 1,00,800 होते. त्यातून आगाऊ 75,000 वजा केले, की बेकरीने 25,800 रुपये द्यायचे उरतात. हे गणित पत्रातच मांडावे, आणि पुढे लिहावे: ‘द अॅक्चुअल बॅलन्स विल डिपेंड ऑन वेब्रिज स्लिप्स अँड विल बी पेड बाय बँक ट्रान्सफर विदिन सेव्हन डेज ऑफ द लास्ट डिलिव्हरी.’ प्रत्यक्ष वजन थोडे इकडेतिकडे होणारच, म्हणून काट्याच्या पावत्यांचा उल्लेख हवा.

बँकेतून पैसे देण्याला एक साधे कारण आहे. आयकराच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली, तर ती खर्च म्हणून धरली जात नाही. काही अपवाद आहेत, पण वखारीचे बिल सहसा त्यांत बसत नाही. शेवटचा हिशेब हातावर मोजून द्यावा, ही आपली जुनी पद्धत आहे. पण शेवटच्याच पैशाची नोंद बँकेत असणे सर्वांत गरजेचे असते.

पाचवे वाक्य भागीदारीमुळे लागते: ‘एनी ऑर्डर आफ्टर धिस लेटर विल बी व्हॅलिड ओन्ली इफ साइन्ड बाय बोथ पार्टनर्स.’ हे वाक्य का हवे, ते समजले की मराठी चिठ्ठीची गरजही समजते.

भारतीय भागीदारी कायदा 1932 प्रमाणे प्रत्येक भागीदार हा पेढीचा प्रतिनिधी असतो. नेहमीच्या धंद्यात त्याने केलेल्या व्यवहाराने पेढी बांधली जाते. बेकरीसाठी लाकूड मागवणे याहून नेहमीचे काय असणार? धाकट्याने इंग्रजीत पत्र पाठवले आणि आठवड्याने शेठच्या फोनवर थोरला भिडेखातर म्हणाला, ‘बरं, पावसाळ्याचं अर्धं तरी ठेवा,’ तर ती पेढीची ऑर्डर होऊ शकते. दोघांनी आपसात ठरवलेली बंधने बाहेरच्या माणसाला माहीत नसतील, तर त्याला लागू होत नाहीत. पत्रातल्या त्या वाक्याने शेठला बंधन कळते. म्हणून ते अविश्वासाचे वाक्य नसून सर्वांच्या सोयीचे आहे.

दुसरी बाजूही आहे. कायद्याच्या कलम 24 प्रमाणे धंद्यात नेहमी काम करणाऱ्या भागीदाराला दिलेली सूचना पेढीलाच दिली असे धरले जाते. शेठ थोरल्याला म्हणाला, की 4 एप्रिलचा टेम्पो दोन दिवस उशिरा येईल, तर तो निरोप बेकरीला मिळाला. थोरल्याने तो धाकट्याला सांगितला नाही, म्हणून शेठची चूक ठरत नाही. आणि तिसरी गोष्ट: पेढीचे येणे सोडून देण्याचा किंवा त्यात तडजोड करण्याचा अधिकार एकट्या भागीदाराला गृहीत मिळत नाही, असे कलम 19 सांगते. वखारीत चहा पिताना थोरला म्हणाला, ‘शेठ, त्या आगाऊतले पाच हजार राहू द्या,’ तर त्याच्या एकट्याच्या शब्दाने पेढीचा हक्क सहसा सुटत नाही. पण शेठ तो शब्द धरून बसतो, आणि नाते तिथेच बिघडते.

म्हणून थोरल्याच्या हाती इंग्रजी पत्राची प्रत देऊन भागत नाही. पत्र शेठशी बोलते. चिठ्ठीने भागीदाराला सांगायचे असते, की कोण काय करणार, काय बोलायचे आणि कुठे थांबायचे. ती पत्राचे भाषांतर नसावी. तारखा आणि आकडे मात्र दोन्हीकडे अगदी तेच असावेत. चिठ्ठी पत्र जाण्यापूर्वी द्यायची, आणि थोरल्याची त्यावर तारखेसह सही घ्यायची. ती अशी असू शकते:

‘दादा, लाकडाच्या बाबतीत आपण रविवारी ठरवलं ते लिहून ठेवतो. शेठना शेवटची ऑर्डर तीन टेम्पोंची: 15 मार्च, 4 एप्रिल, 22 एप्रिल, प्रत्येकी 2,200 किलो, भाव नऊ रुपये. त्यानंतर लाकूड नाही, पावसाळ्याचं पण नाही.

पत्र देण्याआधी तुम्हीच रे रोडला जाऊन शेठना सांगा. ते तुमच्याशीच बोलत आलेत. कारण कोर्टाच्या ऑर्डरचंच सांगा. भाव कमी करतो म्हणाले तर म्हणा, भावाचा प्रश्नच नाही, भट्टीच बदलतेय. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घेऊन या.

आजच्या तारखेला आपण 41,400 देणं लागतो, आपले 75,000 त्यांच्याकडे आहेत. तीन टेम्पो धरून शेवटी आपल्याला साधारण 25,800 द्यायचे आहेत. ओल्या लाकडाचे 300 किलो मिटलेत, तो विषय परत काढू नका. काही सूट द्यावी असं तुम्हाला वाटलं तर तिथे बोलू नका, घरी येऊन बोलू, मग दोघांच्या सहीने देऊ.

22 एप्रिलनंतर टेम्पो आला तर उतरवून घ्यायचा नाही. मिस्त्रीला आणि वॉचमनला तुम्ही सांगा. शेठ काही तारीख बदलायला म्हणाले तर त्याच दिवशी मला कळवा. पैसे मी बँकेतून पाठवीन, रोख द्यायचे नाहीत. हे तुम्हाला मान्य असेल तर खाली सही करा.’

चिठ्ठीत टेम्पो न उतरवण्याची ओळ उगाच नाही. माल विक्री कायदा 1930 च्या कलम 42 प्रमाणे खरेदीदाराने माल आपला असल्यासारखा वापरला, किंवा तो नाकारल्याचे न कळवता वाजवी काळ ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. जुन्या सवयीने पहाटे आलेला टेम्पो कामगारांनी उतरवला आणि लाकूड भट्टीत गेले, की इंग्रजी पत्राला न जुमानता नवे बिल तयार होते. चुकून माल आलाच, तर तो वेगळा ठेवायचा, त्याच दिवशी लेखी कळवायचे आणि शेठला तो उचलायला सांगायचे.

पुरवठादार कोण आहे, यावर या पद्धतीत एक बदल होतो. वखारवाला बहुधा व्यापारी असतो. पण पावाची खोकी किंवा पिशव्या बनवून देणारा छोटा कारखानदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. लेखी ठरावानुसारसुद्धा त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी काहीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. व्यवहार चालू असताना असा कारखानदार उशीर सहन करतो, कारण पुढची ऑर्डर हवी असते. व्यवहार संपल्यावर सहन करण्याचे कारणही संपते, आणि जुन्या उशिरांचे व्याज मागितले जाऊ शकते. अशा पुरवठादाराला पत्र देण्यापूर्वी जुनी थकबाकी आधी चुकती करणे शहाणपणाचे.

उदाहरणातला शेवट असा होतो. तिसरा टेम्पो 22 एप्रिलला येतो. तिन्ही पावत्यांची बेरीज 6,580 किलो भरते, म्हणजे 59,220 रुपये. म्हणून देणे 25,800 ऐवजी 25,620 होते. धाकटा 28 एप्रिलला ती रक्कम बँकेतून पाठवतो आणि शेठकडून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी घेतो: आगाऊ रकमेसह सर्व हिशेब पूर्ण झाला, आता दोन्ही बाजूंचे काही येणे-देणे नाही. काही पुरवठादार असे लिहून द्यायला कचरतात. तेव्हा शून्य बाकी दाखवणारा खातेउतारा शिक्क्यासह घेतला तरी चालतो.

व्यवहार खरोखर संपला की नाही, हे तीन कागदांवरून कळते: शिक्का असलेली पत्राची प्रत, थोरल्याची सही असलेली चिठ्ठी आणि शून्य बाकीचा कागद. यांतला एखादा नसेल, तर काम कुठे अडले आहे तेही त्यावरून समजते. शिक्का नसेल तर शेठला निरोप पोहोचल्याचा पुरावा नाही. चिठ्ठीवर सही नसेल तर भागीदाराचे मन अजून ठरलेले नाही, आणि पुढचा फोन त्यालाच येणार आहे. शून्य बाकी नसेल तर कुणाचे तरी पैसे अडकले आहेत. काट्याच्या पावत्यांसह हे कागद एका फायलीत ठेवावेत. मुदत कायद्याच्या तीन वर्षांसाठी तर नक्कीच, आणि आयकराच्या वह्या जितकी वर्षे जपायला सीए सांगेल तितकी वर्षे.

आदेशाने भट्टी बदलायला भाग पाडले, पण वखारवाल्याला सात आठवडे द्यायचे की एक दिवस, हे ठरवणे बेकरीच्याच हातात होते. त्याच्याशी पुन्हा व्यापार होणार नाही, तरी त्याच्या वखारीतले जुने सागवानी दार दुकानासाठी लागले, किंवा त्याच्या घरच्या लग्नाला पाव-केक लागला, तर दोघांनाही एकमेकांना मोकळेपणाने फोन करता यावा, इतका स्वच्छ हा हिशेब असायला हवा.